पेटी लांबली, तर कळवायचं कसं?

मे महिन्यातल्या रविवारी संध्याकाळी रत्नागिरीत अवकाळी पाऊस सुरू होतो. सोमवारी हापूस उतरवायचा, रात्रीपर्यंत प्रतवारी करून पेट्या भरायच्या, मंगळवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला रवाना करायच्या आणि बुधवारी, ६ तारखेला, पेटी ग्राहकाच्या दारात, असं बागायतदाराने ठरवलेलं असतं. आता ते जमणार नाही. ओला आंबा पेटीत भरला तर देठाजवळ काळे डाग पडून तो सडतो, आणि एक सडला की शेजारचेही जातात. थांबणं भाग आहे, आणि ते ग्राहकाला सांगणंही भाग आहे.

बहुतेक जण इथे ‘पावसामुळे उशीर होतोय, लवकरच पाठवतो’ असा निरोप धाडतात. त्यातला ‘लवकरच’ हा शब्द ग्राहकाच्या काहीच कामाचा नाही. नवी तारीख काढायची तर कामाच्या टप्प्यांवरून मोजावी लागते. अंदाज असा की पाऊस मंगळवारी उघडेल. बुधवार झाडं आणि फळं वाळायला सोडायचा. गुरुवारी झेल्याने आंबे उतरवायचे, शुक्रवारी पेट्या भरून रात्री गाडीत चढवायच्या. म्हणजे शनिवार, ९ तारीख. मात्र चार दिवस खोळंबलेला सगळा माल त्याच गाड्यांवर चढणार असतो, म्हणून ग्राहकाला रविवार, १० तारीख सांगावी. पेटी शनिवारी पोचली तर कुणाची तक्रार नसते; शनिवार सांगून रविवारी पोचली की दुसऱ्यांदा शब्द मोडला असं होतं.

हापूसच्या बाबतीत आणखी एक तारीख असते आणि ती हमखास विसरली जाते. पेटीतला आंबा कच्चा येतो, अढीत तयार व्हायला त्याला साधारण आठवडा लागतो. ६ तारखेचा आंबा १३-१४ पर्यंत पिकला असता. १० तारखेचा १७-१८ पर्यंत पिकेल. ग्राहकाकडे १५ तारखेला पाहुणे जेवायला असतील, तर त्याच्या दृष्टीने हा चार दिवसांचा उशीर नाही, आमरसच नाही! ही गोष्ट त्याने दार उघडून हिरवे आंबे पाहिल्यावर कळण्यापेक्षा आधीच सांगावी, आणि सोबत पर्याय द्यावा.

सोमवारी संध्याकाळी, म्हणजे ठरलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधी, पाठवायचा निरोप असा असू शकतो:

‘नमस्कार ताई. तुमची दोन डझनांची पेटी बुधवारी पोचणार नाही. इथे कालपासून पाऊस आहे आणि ओला आंबा भरला तर तो खराब होईल, म्हणून काढणी थांबवली आहे. पेटी रविवारी, १० तारखेला पोचेल आणि आंबा १७-१८ पर्यंत तयार होईल. त्याआधी लागणार असेल तर पावसाआधी उतरवलेला एक डझन, थोडा लहान आंबा आजच पाठवतो. उरलेला डझन १० तारखेला. दोन्ही सोयीचं नसेल तर पूर्ण पैसे उद्या परत करतो. कोणतं करू, ते कळवा. पेटीत घरच्या कोकम आगळाची बाटली ठेवतो आहे, आमच्याकडून.’

कारण एका वाक्यात आटोपलंय. पावसाचं लांबलचक वर्णन केलं की ग्राहकाला ती सबब वाटते. आणि बाटली सगळ्यात शेवटी आहे. ती पहिल्या ओळीत आली असती, तर तोंड बंद करायला दिल्यासारखी वाटली असती.

ही भेट किती मोठी असावी? माझ्या मते पेटीच्या किमतीच्या दहाव्या भागाहून कमीच. आगळ किंवा आंबापोळी पेटीतच मावते, वेगळा वाहतूक खर्च पडत नाही. ‘पुढच्या खरेदीवर सवलत’ मात्र देऊ नये. ती मिळवायला ग्राहकाने आधी पुन्हा पैसे खर्च करायचे, म्हणजे दिलगिरी कसली, ती जाहिरातच झाली. चिडलेल्या माणसाला तर आधी पैसे परत करण्याचं बोलावं, बाटलीचं नावही काढू नये.

पैसे परत करणं ही केवळ मेहरबानी नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्याला, कबूल केलेल्या वेळेनंतर पोचलेला माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे उशीर झाला असेल तर अपवाद आहे. पावसाच्या आड तो अपवाद पुढे करता येईलही, पण हंगामात दरवर्षी त्याच घरी पेटी पाठवणाऱ्याने तो करू नये.

शुक्रवारी गाडी सुटली की बिल्टीचा फोटो पाठवावा. आणि पाऊस उघडलाच नाही, १० तारीखही हुकणार असं दिसलं, तर दुसरा निरोप लिहीत बसू नये, थेट फोन करावा. तेव्हा नवी तारीख देण्याआधी पैसे परत हवेत का, हे विचारावं.