वाटून केलेलं काम सोपवताना

सॉफ्टवेअर टीममध्ये दोघांनी मिळून सांभाळलेलं काम सोपवणं सोपं वाटतं, कारण मागे राहणाऱ्याला निम्मं ठाऊकच असतं. अडचण उरलेल्या निम्म्याची असते. समजा, ग्राहकांची बिलं रोज रात्री 2 वाजता आपोआप तयार होतात. प्रोग्राम दोघांचा, पण त्याची वेळ लावलेली आहे ती जाणाऱ्याच्या खात्यातून. लिनक्सवर `crontab -l` ही आज्ञा फक्त ती देणाऱ्याच्या खात्यातली कामं दाखवते. त्यामुळे सहकाऱ्याला यादी रिकामी दिसते. पुढे ते खातं बंद झालं की बिलंही थांबतात.

म्हणून आधी ते काम टीमच्या सामायिक खात्यावर हलवायचं आणि बिघाडाच्या सूचना कोणाला जातात तो पत्ता बदलायचा. जुनी नोंद काढायची. ती राहिली तर बिलं दोनदा निघू शकतात. मग सहकाऱ्याने एक फेरी स्वतः चालवायची आणि जाणाऱ्याने कीबोर्डला हात न लावता शेजारी बसायचं. सहकारी जिथे अडून विचारतो, ते बहुधा टिपणात लिहिलेलंच नसतं. लांबलचक दस्तऐवजापेक्षा ही एक बैठक जास्त उघड करते. महिनाअखेरीची वेगळी फेरी मात्र तिच्यात दिसत नाही. त्या दिवसासाठी जाणाऱ्याचा थोडा वेळ नव्या प्रकल्पाच्या प्रमुखाकडून आधीच मागून ठेवावा लागतो.