मूठ शेवटी आवळायची

बॅडमिंटनच्या रॅकेटची मूठ गोल नसते. तिला आठ पैलू असतात. दोन रुंद पैलू रॅकेटच्या जाळीला समांतर, दोन अरुंद पैलू फ्रेमच्या कडेच्या रेषेत, आणि त्यांच्या मधल्या चार कोपऱ्यांवर चार तिरके पैलू. वरून ग्रिपची पट्टी गुंडाळली की हे पैलू डोळ्यांना फारसे दिसत नाहीत, पण बोटांना कळतात. खेळणाऱ्याचा अंगठा यांपैकी कुठल्या पैलूवर आहे, यावर त्याचा क्लिअर मागच्या रेषेपर्यंत जाणार की कोर्टाच्या मधोमध पडणार, हे बरेचसे ठरते.

क्लिअर म्हणजे आपल्या कोर्टाच्या मागच्या भागातून प्रतिस्पर्ध्याच्या कोर्टाच्या मागच्या भागात उंच मारलेला फटका. कोर्टाची लांबी 13.40 मीटर. मागच्या रेषेच्या 76 सेंटिमीटर आत दुहेरीच्या सर्व्हिसची रेषा असते. या दोन रेषांमधल्या पट्ट्यात फूल पडले, तर क्लिअर चांगला. त्याच्या मीटर-दोन मीटर अलीकडे पडले, तर समोरच्याला स्मॅशचे आमंत्रण. हे अंतर निव्वळ ताकदीने कापता येत नाही. शटल, म्हणजे आपले फूल, जेमतेम 5 ग्रॅमचे असते. एवढ्या हलक्या वस्तूला कितीही जोर लावून ढकलले तरी उपयोग नाही. रॅकेटचे डोके आदळण्याच्या क्षणी किती वेगाने फिरत आहे, तेच कामाला येते. शिवाय पिसांमुळे हवेचा अडथळा फार, त्यामुळे निघतानाचा वेग भराभर ओसरतो. सुरुवातीला वेग थोडा कमी पडला, तरी शेवटी लांबी बरीच कमी भरते.

हा वेग साठवायचा कसा आणि नेमका कधी सोडायचा, हे पकडीतून ठरते. आधी फोरहँड पाहू. उजव्या हाताने खेळणाऱ्याने रॅकेटची फ्रेम जमिनीला काटकोनात उभी धरावी आणि हस्तांदोलनाला पुढे करतो तसा हात मुठीवर ठेवावा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी व्ही अक्षराचा आकार तयार होतो. त्याचे टोक वरच्या अरुंद पैलूच्या किंचित डावीकडे यायला हवे. तर्जनी बाकीच्या बोटांपासून थोडी पुढे सरकलेली, अंगठा डाव्या रुंद पैलूवर तिरका, आणि तळहात व मूठ यांच्यात थोडी पोकळी. ही पोकळीच महत्त्वाची. मूठ तळहातात रुतलेली असेल तर बोटांना करण्यासारखे काही उरतच नाही.

नवखा खेळाडू आपल्या नकळत रॅकेट तव्यासारखी धरतो. जाळी आधीपासूनच समोर तोंड करून असते. फुलाला लागण्याची खात्री वाटते, म्हणून ही पकड हाताला आवडते. पण तिच्यात कोपराखालचा हात फिरवायला जागाच नसते. क्लिअरचा मोठा वेग खांद्याच्या आणि कोपराखालच्या हाताच्या पिळातून येतो. योग्य पकडीत रॅकेट वर येताना तिची कड फुलाकडे असते आणि शेवटच्या टप्प्यात हात आत वळतो तशी जाळी सरळ होते. तव्याच्या पकडीत हा वळसा घेतला, तर जाळी फुलाच्या पलीकडे निघून जाईल. म्हणून शरीर तो घेतच नाही. मग उरते ते नुसते ढकलणे. ‘मनगट मारा’ असे आपल्याकडच्या प्रत्येक हॉलमध्ये ऐकू येते, पण मनगट पुढे वाकवून मिळणारा वेग त्यामानाने थोडा. डोळ्यांना मनगटाचा झटका म्हणून जे दिसते, ते बहुतांशी कोपराखालच्या हाताचे फिरणे आणि बोटांचे आवळणे असते.

आता बोटांकडे वळू. अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट हा टेकू, आणि रॅकेट ही त्यावर फिरणारी तरफ. चिमूट मुठीच्या टोकापासून साधारण 9 सेंटिमीटरवर असते. करंगळी तिच्या सुमारे 6 सेंटिमीटर मागे, आणि जाळीचा मध्य सुमारे 45 सेंटिमीटर पुढे. म्हणजे गुणोत्तर साडेसात. करंगळीने मुठीचे टोक 2 सेंटिमीटर तळहाताकडे ओढले, तर रॅकेटचे डोके 15 सेंटिमीटर पुढे जाते. हिशेबापुरते धरू की हे ओढणे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात झाले. मग डोक्याला सरासरी ताशी 27 किलोमीटरचा वेग केवळ बोटांनी दिला, आणि तो खांदा, कोपर व हाताच्या पिळातून आलेल्या वेगावर चढला. बोटे एकटी क्लिअर मारत नाहीत. पण पाच-सहा फूट अलीकडे पडणारे फूल मागच्या पट्ट्यात नेण्याइतका फरक त्यांच्यामुळे पडू शकतो.

या हिशेबात एक अट लपलेली आहे, आणि सगळा खेळ तिच्यातच आहे. हे 2 सेंटिमीटर फूल लागण्याच्या क्षणापर्यंत शिल्लक राहिले पाहिजेत. रॅकेट मागे असतानाच मूठ गच्च आवळली, तर बोटांचे ओढणे तिथेच संपले. पुढच्या प्रवासात मिळवण्यासारखे काही राहिले नाही. आणखी एक नुकसान असे की बोटे मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या हातात असतात. मूठ गच्च झाली की मनगट स्थिर ठेवण्यासाठी त्या हाताच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम ताठ होतात, आणि ताठ हात झपकन फिरत नाही. म्हणजे लवकर आवळल्याने बोटांचा वेग तर जातोच, वर पिळाचाही जातो. म्हणूनच चांगला प्रशिक्षक ‘जोरात मार’ म्हणण्याऐवजी ‘सैल सोड’ असे बजावत राहतो. पाय, कंबर, खांदा, कोपर, कोपराखालचा हात आणि सर्वांत शेवटी बोटे, असा हा क्रम आहे. मोठे आणि संथ अवयव आधी, छोटे आणि चपळ नंतर. आवळण्याचा दुसरा फायदाही त्याच क्षणी मिळतो: फूल जाळीच्या मध्यापासून थोडे बाजूला लागले, तरी घट्ट मुठीत रॅकेट कलत नाही.

आपण लवकर आवळतो की वेळेवर, हे तपासायला व्हिडिओ लागत नाही. फुलाशिवाय रॅकेट फिरवा आणि कान द्या. हवा कापल्याचा ‘सूं’ आवाज कुठे सर्वांत मोठा येतो? डोक्याच्या मागे येत असेल, तर वेग तिथेच खर्च झाला. फूल जिथे लागायला हवे, म्हणजे उजव्या खांद्याच्या वर आणि किंचित पुढे, तिथे तो मोठा व्हायला हवा. दुसरी खूण फटक्यानंतरची. योग्य वळसा घेतला असेल तर तळहात शेवटी बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. आणि खेळून झाल्यावर कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका लागत असेल, तर सतत आवळलेली मूठ हे त्याचे एक कारण असू शकते.

बॅकहँडमध्ये हीच गोष्ट अधिक अवघड होते, आणि मला तरी तीच जास्त मोलाची वाटते, कारण बहुतेक हौशी खेळाडूंचा सामना त्या कोपऱ्यात हरतो. इथे सर्वांना शिकवले जाते ते अंगठा रुंद पैलूवर सपाट ठेवून ढकलणे. नेटजवळच्या फटक्याला, सर्व्हिसला, अंगासमोरच्या ड्राइव्हला ही पकड उत्तम. पण मागच्या कोपऱ्यात खेळाडूची पाठ नेटकडे असते आणि फूल अंगाच्या थोडे मागे गेलेले असते. तिथे सपाट अंगठा ठेवला, तर मनगट कितीही वाकवले तरी जाळी समोरच्या कोर्टाकडे वळत नाही, ती बाजूच्या रेषेकडे पाहत राहते. फूल तिरके किंवा तोकडे जाते आणि खेळाडू स्वतःच्या ताकदीला दोष देतो.

उपाय अंगठ्याच्या जागेत आहे. तो रुंद पैलूवरून सरकवून वरच्या अरुंद पैलूच्या बाजूच्या तिरक्या पैलूवर आणायचा. फोरहँडच्या पकडीपासून ही जागा फार दूर नाही, म्हणून बदल पटकन होतो, फक्त मूठ सैल हवी. आता जाळी मागे गेलेल्या फुलालाही सरळ भेटते. कोपर आधी वर येते, मग खांदा आणि कोपराखालचा हात बाहेरच्या दिशेने फिरतो, कुलपात किल्ली फिरवावी तसा, आणि अगदी शेवटी अंगठा दाबतो व बाकीची बोटे मुठीचे टोक ओढून घेतात. फटका बसला की रॅकेट जागीच थांबते. फोरहँडसारखा लांब झोका पुढे नेला, तर उलट वेळ चुकते.

इंडोनेशियाचा तौफिक हिदायत, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, याच फटक्यासाठी ओळखला जातो. त्याचे जुने सामने पाहताना हातापेक्षा त्याचे कोपर पाहा. ते वर आल्यावर क्षणभर रॅकेट खाली लोंबत राहते, सैल. मग एक आखूड हालचाल, आणि फूल दुसऱ्या टोकाला. बाकी लोक जिथे नुसते वाचवण्याचा प्रयत्न करतात, तिथून तो स्मॅशही मारत असे.

सराव साधा आहे. रॅकेट अंगासमोर धरून, हात न हलवता, फक्त बोटे मिटून फूल वर उडवत राहायचे. आधी तळहात वर, मग तळहात खाली. फूल हातभर वर जाऊ लागले की कोपराखालच्या हाताचे फिरणे जोडायचे, आणि त्यानंतर खांदा. उलट क्रमाने, म्हणजे आधी पूर्ण हात फिरवून मग बोटांची आठवण केली, तर बोटे कधीच वेळेवर येत नाहीत. मुठीची जाडीही एकदा पाहून घ्यावी. एकावर एक ग्रिप चढवून मूठ जाड झाली की बोटे आधीच उघडी राहतात आणि मिटायला वाव कमी. पावसाळ्याच्या दमट हॉलमध्ये घामाने रॅकेट निसटू लागली की आपोआप मूठ आवळली जाते. अशा वेळी टॉवेलची ग्रिप किंवा कोरडी नवी पट्टी हाताला सैल राहू देते.

बोटांची मर्यादाही ओळखावी लागते. पाय उशिरा पोहोचले आणि फूल खांद्याच्या खाली गेले, तर मोठे सांधे आपले काम करूच शकत नाहीत, आणि ती उणीव 2 सेंटिमीटरच्या ओढीने भरून निघत नाही. तेव्हा त्याच तिरक्या पैलूवर अंगठा ठेवून, बोटे अर्धीच मिटून, फूल सरळ नेटलगत सोडावे. तयारी क्लिअरसारखीच दिसत असल्याने समोरचा बऱ्याचदा मागेच थांबलेला असतो.