ताऱ्याचं भवितव्य ठरवतं त्याचं वस्तुमान

थंडीच्या दिवसांत रात्री मृग नक्षत्र वर आलं की ताऱ्याच्या आयुष्याचे बहुतेक टप्पे आकाशाच्या एकाच भागात पाहता येतात.

मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांजवळ अंधाऱ्या जागेतून धूसर ठिपका दिसतो. तो मृगातला तेजोमेघ, सुमारे 1350 प्रकाशवर्षं दूर. तिथे थंड वायू आणि धूळ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसते. आकसताना गाभा तापतो आणि तापमान सुमारे एक कोटी अंशांवर गेलं की हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं. तारा जन्मतो. त्यानंतर गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढतं, तर आतल्या उष्णतेचा दाब बाहेर रेटतो. या दोहोंचा तोल टिकतो तोवर तारा स्थिर राहतो.

जास्त वस्तुमान म्हणजे जास्त इंधन. पण ते जळतं त्याहूनही कितीतरी वेगाने. त्यामुळे भारी तारे अल्पायुषी ठरतात. मृगाच्या चौकोनातला तांबूस काक्षी सूर्याच्या पंधरा-वीस पट वस्तुमानाचा आहे. तो जेमतेम एक कोटी वर्षांचा, तरी अखेरच्या टप्प्यात आला आहे. सूर्य 460 कोटी वर्षांचा असून निम्मं आयुष्य अजून बाकी आहे.

| सुरुवातीचं वस्तुमान (सूर्य = 1) | आयुष्य | उतारवय | अवशेष |
|---|---|---|---|
| 0.5 हून कमी | विश्वाच्या वयाहून जास्त | मंद तांबडा तारा | श्वेत बटू |
| 1 | सुमारे 1000 कोटी वर्षं | तांबडा राक्षसी तारा | श्वेत बटू |
| 8 ते सुमारे 20 | काही कोटी ते एक कोटी वर्षं | महाराक्षसी तारा, मग स्फोट | न्यूट्रॉन तारा |
| त्याहून बरंच जास्त | काही दशलक्ष वर्षं | महाराक्षसी तारा | बहुधा कृष्णविवर |

पहिल्या ओळीतला एकही तारा अजून मेलेला नाही, कारण विश्वाचं वयच 1380 कोटी वर्षं आहे.

बाणाची रेघ पुढे वाढवली की तेजस्वी व्याध सापडतो. त्याला एक सोबती असावा, हे बेसेलने 1844 मध्ये व्याधाच्या डुलण्यावरून ओळखलं. 1862 मध्ये तो दुर्बिणीतून दिसला. हा श्वेत बटू जवळपास सूर्याएवढ्या वस्तुमानाचा, पण आकाराने पृथ्वीएवढा आहे. अशा ताऱ्याला इलेक्ट्रॉनांचा दाब सावरून धरतो. मात्र त्यालाही मर्यादा आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1930च्या दशकात दाखवलं, की सूर्याच्या सुमारे 1.4 पटीपलीकडे हा दाब पुरत नाही.

भारी ताऱ्यात नेमकं हेच घडतं. गाभ्यात लोखंड साठतं, त्यापासून ऊर्जा मिळत नाही. गाभा ही मर्यादा ओलांडतो आणि क्षणार्धात कोसळतो. बाहेरचे थर उधळले जातात. वृषभ राशीतला असा स्फोट चिनी निरीक्षकांनी 1054 मध्ये नोंदवला. त्या जागी आज खेकडा तेजोमेघ आहे आणि त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे तीस गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा.

सूर्याचा असा स्फोट होणार नाही, तेवढं त्याचं वस्तुमानच नाही. सुमारे 500 कोटी वर्षांनी तो फुगेल, बाहेरचे थर सोडून देईल आणि मागे श्वेत बटू उरेल.