ऐंशी सेंटचा ग्लास, 122 रुपयांना

भिवंडीतल्या एका घाऊक व्यापाऱ्याने इटलीहून काचेचे 10,000 ग्लास मागवले असं धरू. भाव एका ग्लासला 80 सेंट, युरो 100 रुपयांचा. म्हणजे ग्लास 80 रुपयांना पडला, असं वाटतं. पण 95 रुपयांना विकायचा सौदा याच आकड्यावर केला, तर तो बुडाला म्हणून समजा.

मालाची किंमत 8 लाख रुपये. जहाजभाडं मात्र युरोत नाही, डॉलरमध्ये आकारलेलं: 1,000 डॉलर, 90 च्या दराने 90 हजार. विमा 10 हजार. हे तिन्ही मिळून झाले 9 लाख, आणि कस्टम्स ड्युटी याच रकमेवर लावतं, नुसत्या मालाच्या किमतीवर नाही. मूळ सीमाशुल्क 20 टक्के धरलं तर 1 लाख 80 हजार. त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 18 हजार. (भाडं आणि विमा किती हे कागदावर दाखवता आलं नाही, तर मालाच्या किमतीच्या 20 टक्के भाडं आणि 1.125 टक्के विमा धरला जातो. इथे त्यापायी शुल्क आणि अधिभार मिळून 15 हजारांहून अधिक वाढले असते. भाड्याची पावती जपून ठेवावी ती यासाठी.)

पुढे या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, 18 टक्क्यांनी 1,97,640 रुपये. नियमित जीएसटी भरणाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो खर्चात धरायचा नाही. पैसे काही दिवस अडकतात, एवढंच. कंपोझिशनवाल्याला मात्र क्रेडिट नाही. त्याचा ग्लास आणखी 20 रुपयांनी महागला.

बंदरातला खर्च, कस्टम्स एजंटाची फी आणि न्हावाशेवा ते भिवंडी ट्रकभाडं मिळून 82 हजार. एकूण 11 लाख 80 हजार.

हिशेब इथे संपवणारे बरेच असतात. पण 100 रुपये हा कस्टम्सचा दर होता, बिल ऑफ एन्ट्री दाखल केली त्या दिवशी लागू असलेला. ड्युटी त्यावर ठरली ती ठरली. विक्रेत्याचे पैसे मात्र 60 दिवसांच्या उधारीनंतर गेले आणि बँकेने युरो 102 ला दिला. 8,000 युरोंवर 16 हजार जादा. खर्च 11 लाख 96 हजार.

आता भागायचं, पण कितीने? खोकी उघडली तेव्हा 200 ग्लास फुटलेले निघाले. विक्रीला उरले 9,800, म्हणून एक ग्लास 122 रुपये 4 पैशांना पडला. विम्याची भरपाई मिळाली, तर ती खर्चातून वजा करायची.

एकाच कंटेनरमध्ये ग्लासांसोबत मोठे जग असतील, तर सगळा खर्च नगांवर सारखा वाटणं चुकीचं ठरतं. जहाजभाडं जागेप्रमाणे वाटावं, शुल्क ज्याच्या त्याच्या किमतीवर आणि दराने. नाहीतर जगांनी खाल्लेल्या जागेचं भाडं ग्लासांच्या माथी बसतं; मग ग्लास महाग म्हणून पडून राहतात आणि जग तोट्यात विकले जातात.