सॅकमधले पाणी घरीच ठेवा

रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून चालायला सुरुवात करायची, पहिला मुक्काम रतनगडावरच्या गुहेत, दुसरा कात्राबाईची खिंड उतरून कुमशेतच्या बाजूला, तिसरा हरिश्चंद्रगडावर आणि चौथ्या दिवशी तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचे. सह्याद्रीतला हा रेंज ट्रेक करणारे चौघे निघण्याच्या आदल्या रात्री सॅक भरायला बसतात, तेव्हा बहुतेक वेळा जमिनीवर दोन किलो बटाटे, किलोभर कांदे, डझनभर केळी, पावाच्या लाद्या आणि सफरचंदांची पिशवी पसरलेली असते. हे सगळे खाण्याचेच पदार्थ असले, तरी त्यांचे अर्ध्याहून जास्त वजन पाण्याचे असते. एकटा पावच त्यातल्या त्यात कोरडा.

बटाट्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी असते. अर्धा किलो उकडलेल्या बटाट्यांतून जेमतेम चारशे कॅलरी मिळतात. तेवढ्याच कॅलरी पंचेचाळीस ग्रॅम तुपात असतात, म्हणजे साधारण तीन मोठ्या चमच्यांत. कारण सरळ आहे. पिठूळ आणि गोड पदार्थांतून, तसेच प्रथिनांतून, ग्रॅममागे चार कॅलरी मिळतात, तर तेल-तुपातून नऊ. पाण्यातून एकही नाही. चढावर दर पावलाला उचलले जाणारे हे पाणी पिताही येत नाही.

ट्रेकच्या खाण्याकडून तीन अपेक्षा असतात. ते हलके असावे, त्यात ताकद भरपूर असावी आणि फ्रिजशिवाय टिकावे. या तीन वेगळ्या अटी वाटल्या तरी त्यांचे उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे. पदार्थातले पाणी घरीच काढून टाकले की वजन उतरते, ग्रॅममागच्या कॅलरी वाढतात आणि बुरशी-जिवाणूंना वाढायला लागणारा ओलावाही उरत नाही.

मराठी स्वयंपाकघराला हे शास्त्र नवे नाही. पुरणपोळी आणि गूळपोळी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही गोड, दोन्ही सारण भरलेल्या. पण पुरणपोळीचे सारण शिजवलेल्या डाळीचे, ओलसर. ती उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच वास मारू लागते. गूळपोळीत किसलेला गूळ, तेलात भाजलेले बेसन, तिळाचा आणि खसखशीचा कूट असतो. पाणी जवळजवळ नसतेच, जे असते ते गूळ धरून ठेवतो. नीट खरपूस भाजलेली गूळपोळी आठ-दहा दिवस सहज राहते. ६५ ग्रॅमच्या एका पोळीत अडीचशेहून अधिक कॅलरी असतात. ट्रेकसाठी मुद्दाम शोध लावून यापेक्षा चांगला पदार्थ बनवता आला नसता.

आता त्या चौघांचा शिधा प्रत्यक्ष मांडून पाहू. पाठीवर ओझे घेऊन दिवसाला सहा-सात तास चढ-उतार करणाऱ्याला साधारण तीन हजार कॅलरी लागतात असे धरू. धिप्पाड माणसाला जास्त, किरकोळ अंगाच्या माणसाला कमी. सकाळी उपमा. माणशी ७० ग्रॅम रवा, १५ ग्रॅम तूप आणि १५ ग्रॅम शेंगदाणे. सोबत दूध पावडरचा दोन वेळचा चहा. दुपारी दोन गूळपोळ्या आणि वर चमचाभर तूप. चालताना खिशात शेंगदाणे, फुटाणे, गूळ आणि सुक्या खोबऱ्याचे तुकडे, दिवसाला माणशी १२० ग्रॅम. मुक्कामावर पोचल्यावर एक तीळगुळाचा किंवा डिंकाचा लाडू. रात्री ७५ ग्रॅम तांदूळ आणि ३५ ग्रॅम मूगडाळीची खिचडी, त्यावर २० ग्रॅम तूप, पापड आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. या सगळ्याची बेरीज सुमारे २,८५० कॅलरी होते आणि वजन अवघे ६२० ग्रॅम. पहिल्या दिवशी दुपारी घरची पोळी-भाजी खाल्ली, कारण ती काही तासांतच संपते, तर तीन रात्रींच्या या ट्रेकसाठी प्रत्येकाच्या सॅकमध्ये दोन किलोंच्या आसपास शिधा येतो. चौघांचा मिळून आठ किलो, आणि तोही दर जेवणाला कमी होत जाणारा.

ही यादी कागदावर सोपी असली, तरी बिघडते ती तयारीत. उपम्याचे उदाहरण घ्या. रवा तुपात मंद आचेवर खमंग भाजायचा, मोहरी, उडीदडाळ, हिंग, सुकी मिरची, कडक वाळवलेला कढीपत्ता यांची फोडणी त्यात मिसळायची, मीठ-साखर आणि चिमूटभर लिंबूफूल घालायचे. गडावर याच्या अडीचपट उकळते पाणी ओतून झाकण ठेवले की पाच-सात मिनिटांत उपमा तयार. चूक होते ती पिशवी भरताना. मिश्रण कोमट असतानाच पिशवी बंद केली, तर वाफ आत धरते, पिशवीला आतून दव येते आणि दुसऱ्या दिवशी रव्याच्या गुठळ्या झालेल्या असतात. घरी एवढा खटाटोप करून काढलेले पाणी शेवटच्या क्षणी परत आत जाते. म्हणून परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावे, रात्रभर ठेवले तरी चालेल. ओला कढीपत्ता, ओली मिरची, ओले खोबरे यांतले काहीही त्यात जाता कामा नये.

खिचडीचा प्रश्न वेगळा आहे. तांदूळ-डाळ आधीच कोरडी असते, पण ती शिजवायला वीस-पंचवीस मिनिटे गॅस जळतो आणि गॅसच्या डबीलाही वजन असते. गडाच्या माथ्यावर पाणी शंभर अंशांच्या चार-पाच अंश आधीच उकळते, त्यामुळे थोडा अधिकच वेळ लागतो. यावर घरगुती उपाय कण्यांचा. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, भाजून मिक्सरवर जाडसर भरड काढायची. ती दहा मिनिटांत शिजते. उकळी आल्यावर गॅस बंद करून पातेले टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवले, तर उरलेले काम आतली उष्णताच करते.

कोरड्या शिध्याची एक किंमत मात्र मोजावी लागते. घरी काढलेले पाणी गडावर परत घालावे लागते. उपमा, चहा आणि खिचडी मिळून माणशी दिवसाला लिटरभर पाणी नुसत्या शिजवण्यात जाते. पिण्याचे तीन-चार लिटर वेगळेच. म्हणून शिजवायची जेवणे फक्त खात्रीच्या पाण्याजवळ ठेवायची. रतनगडावर आणि हरिश्चंद्रगडावर टाकी आहेत, पण कात्राबाईच्या चालीत दुपार कुठे होईल हे सांगता येत नाही. तिथे गूळपोळी किंवा खाकऱ्याला चटणी लावून खाणे हेच शहाणपणाचे. फेब्रुवारीनंतर टाक्यांतले पाणीही खाली जाते. तेव्हा गावात विचारूनच बेत ठरवावा. शिवाय हा सगळा पट्टा कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. मुक्काम आणि स्टोव्ह यांबद्दलचे त्या वेळचे नियम वन विभागाकडून आधी समजून घ्यावेत. स्टोव्ह पेटवता येणार नसेल किंवा गॅस संपला, तर एका रात्रीपुरते न शिजवता खाता येईल असे काही हवेच. पातळ पोह्यांवर थोडे पाणी शिंपडून त्यात मेतकूट आणि तूप कालवले की पोट भरते.

टिकण्याबाबत दोन प्रकारची नासाडी ओळखता आली पाहिजे, आणि मराठीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. पदार्थ आंबतो तो पाण्यामुळे. भाजीला तार सुटते, भाताला आंबूस वास येतो. पदार्थ खवट होतो तो तेलामुळे, पाण्याचा एक थेंबही नसताना. तेलाचा हवेशी, उजेडाशी आणि उष्णतेशी संबंध आला की ते कडवट, जुनाट चवीचे होते. म्हणून शेंगदाणे अख्खे भाजून न्यावेत. कूट करून ठेवला की हवेला भिडणारा भाग कित्येक पटींनी वाढतो आणि तो लवकर खवट होतो. चटणी निघण्याच्या एक-दोन दिवस आधीच कुटावी, लसूण तेलात कुरकुरीत तळून घालावा. तूप कढवताना बेरी तांबूस होईपर्यंत थांबावे, म्हणजे ताकाचा अंश राहत नाही. ते रुंद तोंडाच्या बाटलीत न्यावे, कारण डिसेंबरच्या रात्री गडावर ते थिजते आणि अरुंद तोंडातून निघत नाही. खवट दाणा तोंडात कळतोच, तो थुंकून टाकावा. बुरशी आलेला दाणा मात्र चाखूनही पाहू नये. बुरशीचे विष भाजल्यानेही जात नाही.

सगळ्यात धोक्याची असते रात्रीची उरलेली खिचडी. तांदळात असणाऱ्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात आणि भात कोमट राहिला की वाढू लागतात. त्यांनी तयार केलेले विष सकाळी पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. उलट्या सुरू झालेला माणूस तोलार खिंडीतून खाली आणणे सोपे नाही. त्यामुळे मापाने शिजवावे आणि त्याच रात्री संपवावे.

मापाचे काम घरच्या वजनकाट्यावर होते. प्रत्येक जेवण चौघांच्या हिशेबाने एकेका पिशवीत बांधावे, वर वार, जेवण आणि किती पाणी घालायचे ते लिहावे. चौथ्या दिवसाची पिशवी सॅकच्या तळाशी, पहिल्या दिवसाची वर. असे केले नाही, तर पहिल्या दोन दिवसांत सगळे खोबरे संपते आणि तिसऱ्या दिवशी नुसते फुटाणे उरतात. गुहेत उंदीर आणि गडावर माकडे असतात, म्हणून खाण्याची पिशवी रात्री उंच टांगावी.

एक गोष्ट हिशेबात सहसा धरली जात नाही, ती म्हणजे जिभेचा कंटाळा. दोन दिवस लाडू, गूळ आणि गूळपोळी खाल्ल्यावर तिसऱ्या दिवशी गोड नकोसे होते, आणि सॅकमध्ये राहिलेल्या कॅलरींचा काही उपयोग नसतो. घामातून मीठ गेलेले असते, म्हणून शरीरही खारट-आंबट मागते. लिंबाचे मुरलेले लोणचे, चार आमसुले, मिठाची पुडी यांचे वजन पन्नास-साठ ग्रॅम, पण त्यांच्यामुळेच उरलेला शिधा खाल्ला जातो. मधुमेह असलेल्यांनी गुळाऐवजी दाणे, फुटाणे आणि खाकरे यांचे प्रमाण वाढवावे आणि ते आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगडावर गावकऱ्यांकडे गरम पिठलं-भाकरी मिळते. ती जरूर खावी, त्यांनाही दोन पैसे मिळतात. मात्र मधल्या वारी झाप बंद असू शकतात, त्यामुळे त्या भरवशावर एक जेवण कमी नेऊ नये.

घरी परतल्यावर सॅक रिकामी करताना उरलेले खाणे काट्यावर तोलावे आणि काय उरले, काय कमी पडले ते वहीत लिहून ठेवावे. पुढच्या ट्रेकचा शिधा त्या आकड्यांवरून बांधा.