इन्सुलिनच्या तळाशी पांढरा थर दिसतोय? मग टोचण्याआधी हे वाचा

घरात कोणी 30/70 चं इन्सुलिन घेत असेल, तर फ्रीजच्या दारातली ती बाटली एकदा नीट बघा. वर पाण्यासारखं द्रव आणि तळाशी पांढरा थर दिसेल. ते खराब झालेलं नाही, पण तसंच टोचलं तर गडबड होते.

कारण त्यात दोन इन्सुलिन आहेत. 30 टक्के लवकर काम करणारं, ते द्रवात विरघळलेलं असतं. 70 टक्के सावकाश काम करणारं, त्याचे बारीक कण तळाशी बसतात. म्हणजे 20 युनिटमध्ये 6 युनिट लवकरचं आणि 14 सावकाशचं हवं. न मिसळता घेतलं की हा हिशेब दरवेळी बदलतो. सिरिंजमध्ये युनिट 20 च दिसतात, शुगर मात्र एक दिवस खाली आणि दुसऱ्या दिवशी वर. आपण दोष देतो कालच्या भाताला!

मग करायचं काय? बाटली किंवा पेन दोन तळहातांत आडवं धरून साधारण 10 वेळा फिरवा, मग 10 वेळा हळूच खाली-वर करा. पेनच्या काचेच्या नळीतली छोटी गोळी या टोकापासून त्या टोकाला गेली पाहिजे. द्रव सगळीकडे सारखं दुधाळ दिसेपर्यंत हे करायचं. खोकल्याच्या औषधासारखं जोरात हलवू नका, बुडबुडे होतात आणि डोस कमी भरतो. फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरे कण चिकटले, तर ती बाटली वापरू नका. आणि जे इन्सुलिन मुळातच पाण्यासारखं स्वच्छ असतं, त्याला हे काहीच करायचं नाही. ते गढूळ दिसलं तर मात्र टाकून द्या.

आता जेवणाची वेळ. इथे खरी गंमत आहे, कारण 30/70 दोन प्रकारचं मिळतं आणि दोन्ही दुधाळच दिसतात. जुन्या ‘ह्यूमन’ प्रकारातलं लवकरचं इन्सुलिन कामाला लागायला साधारण अर्धा तास घेतं, म्हणून ते जेवणाआधी 30 मिनिटं घेतात. नव्या ‘अॅनालॉग’ प्रकारातलं 10 ते 20 मिनिटांत सुरू होतं, म्हणून ते ताट वाढल्यावरच घ्यायचं.

समजा, आईचं इन्सुलिन डॉक्टरांनी बदलून अॅनालॉग दिलं. सवयीने तिने आठला टोचलं, भाकऱ्या थापायला बसली आणि जेवायला पावणेनऊ वाजले. सव्वाआठलाच इन्सुलिन कामाला लागलेलं, पोटात मात्र काहीच नाही. हात थरथरणं, घाम, धडधड ही शुगर उतरल्याची लक्षणं. मीटरवर 70 पेक्षा कमी दिसलं, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि शुगर वर आली की जेवायला वाढा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

तुमच्या घरातलं 30/70 यातलं कुठलं, हे खोक्यावर लिहिलेलं असतं. नाव वाचून समजलं नाही तर खोक्याचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा आणि विचारा, ‘जेवणाआधी किती मिनिटं?’