फ्रेंच वाक्याचे देवनागरी उच्चारलेखन : मराठी वाचकाच्या वाचनसवयींच्या संदर्भात

प्रस्तावना :
मॉरिशसच्या राजधानीचे नाव मराठीत ‘पोर्ट लुई’ असे लिहिले जाते. यातील ‘लुई’मध्ये मूळ लेखनातील शेवटचे ‘एस’ हे अक्षर गाळले आहे, कारण फ्रेंचमध्ये ते उच्चारले जात नाही. ‘पोर्ट’मधील ‘ट’ मात्र इंग्रजीच्या वळणाने टिकून राहिला. फ्रेंच उच्चार ‘पोर लुई’ असा होतो. लोहारा तालुक्यातून परदेशी निघालेल्या आणि फ्रेंच न शिकलेल्या प्रवाशासाठी एखादे वाक्य देवनागरीत लिहून देताना हाच पेच उद्भवतो. रोमन अक्षरे इंग्रजीप्रमाणे वाचली गेली, तर तिकीट या अर्थाच्या ‘बिये’ या शब्दाचे ‘बिलेट’ होते. देवनागरी हा दोष टाळते. परंतु ती मराठी सवयीने वाचली जात असल्यामुळे तिचे स्वतःचे प्रश्न निर्माण होतात.

अनुस्वाराचा प्रश्न :
‘लियोंचे एक तिकीट द्या’ हे वाक्य सर्वसाधारणपणे ‘अं बिये पूर लियों, सील वू प्ले’ असे लिहिले जाईल. फ्रेंचमध्ये ‘अं’ आणि ‘लियों’ यांच्या शेवटी ‘न’ किंवा ‘म’ यांपैकी कोणतेही व्यंजन नाही. केवळ स्वर नाकातून उच्चारला जातो. मराठी वाचक मात्र बाराखडीतील ‘अं’ हा ‘अम्’ असा वाचतो, ‘स्वयं’ हा ‘स्वयम्’ असा वाचतो, आणि ‘अं बिये’मध्ये पुढील ‘ब’मुळे ‘म’ अधिकच पक्का होतो. यातून अर्थही बदलू शकतो. ‘चांगला’ या अर्थाच्या पुल्लिंगी विशेषणात केवळ अनुनासिक स्वर आहे. त्याच शब्दाच्या शेवटी ‘न’ स्पष्ट उच्चारला की ते स्त्रीलिंगी होते.

हिंदीतील ‘हाँ’प्रमाणे चंद्रबिंदू वापरावा, असा उपाय सुचू शकतो. तो मराठीत उपयोगी पडत नाही. मराठी वाचकाच्या दृष्टीने ‘बँक’ या शब्दातील चिन्ह म्हणजे ‘ॲ’चा चंद्र आणि त्यावर अनुस्वार होय, तर ‘काँग्रेस’मध्ये तेच चिन्ह ‘ऑ’ आणि अनुस्वार दर्शविते. त्यामुळे ‘साँ’ हा ‘सॉन’ असा वाचला जाण्याची शक्यता असते.

म्हणून अनुनासिक स्वरासाठी परिचित चिन्ह न वापरता लाटेसारखे वेगळे चिन्ह (~) योजावे आणि त्याचा अर्थ एका ओळीत द्यावा. समजावण्यासाठी मराठीतील ‘हं, सांगा’ हा होकार पुरेसा आहे. त्यातील ‘हं’ उच्चारताना ओठ मिटत नाहीत आणि जीभ दातांना लागत नाही. त्यातून ‘ह’ वगळला की फ्रेंच ‘एक’च्या जवळचा उच्चार मिळतो. चूक ओळखण्याची कसोटीही हीच : शब्द संपताना जिभेचे टोक वर टेकले किंवा ओठ मिटले, तर उच्चार चुकला.

आकड्यांचे उदाहरण :
या भेदाची खरी गरज पैशांच्या व्यवहारात जाणवते. फ्रेंचमध्ये पाचला ‘सॅ~क’ आणि शंभरला ‘सा~’ म्हणतात. पाचशे म्हणताना पाचमधील ‘क’ सामान्यतः लोप पावतो आणि ‘सॅ~ सा~’ एवढेच उरते. येथे पाच व शंभर यांतील फरक केवळ स्वराचा आहे. दोहोंसाठी ‘सं’ असे लिहून दिल्यास प्रवाशाला तो फरक करताच येणार नाही.

लिपीच्या मर्यादा :
‘नमस्कार’ या अर्थाचा शब्द ‘बोंझूर’ असा लिहिल्यास मराठी वाचक त्यातील ‘झ’ हा ‘झुडूप’मधल्यासारखा दंततालव्य उच्चारतो. ‘बो~ज्यूर’ हे लेखन अधिक जवळचे आहे. नेमका ध्वनी हवा असल्यास जीभ ‘श’च्या जागी ठेवून कंठ कंपित करावा, अशी सूचना द्यावी लागते. काही स्वरांना तर देवनागरीत अक्षरच नाही. ‘वर’ आणि ‘खाली’ या अर्थांचे दोन फ्रेंच शब्द ‘दस्यू’ व ‘दसू’ यांसारखे भासतात; पैकी पहिल्याच्या शेवटी ‘य’ नसून, ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवून उच्चारलेला ‘ई’ आहे. तो केवळ ‘ऊ’ असा उच्चारला गेला, तर वरच्या मजल्याची चौकशी खालच्या मजल्याची होते. अशा शब्दांसाठी हातवारे किंवा मूळ शब्द लिहिलेली चिठ्ठी अधिक भरवशाची ठरते.

समारोप :
वरील विवेचनानुसार प्रवाशाच्या हाती द्यावयाचे वाक्य असे होईल : ‘बो~ज्यूर, अ~ बिये पूर लियो~, सील वू प्ले.’ ‘पूर’ हा शब्द नदीच्या पुराप्रमाणे वाचावा. ‘बिये’ व ‘प्ले’ यांच्या शेवटी कोणतेही व्यंजन जोडू नये. लिहून झाल्यावर फ्रेंच न जाणणाऱ्या व्यक्तीकडून ते एकदा मोठ्याने वाचून घ्यावे. कारण उच्चारलेखनाची अचूकता लेखकाच्या मनातील ध्वनीवर नव्हे, तर वाचकाच्या तोंडून निघणाऱ्या ध्वनीवर ठरते.